बाबांबद्दल एक पान

"हा कोण माणूस आहे?" आईने कागद हातभर लांब धरून विचारलं.

"बाबा," ती म्हणाली.

"छे! हा कुणी भलताच. 'दार ढकलून, धडपडत, वाट्टेल ते बोलत घरात शिरायचे.' अगं, हे तर आपल्या समोरच्या शिवणवाल्या बाईंचे यजमान. तुझे बाबा धडपडले कधी? जन्मभर लिफ्टच्या बोगद्यात एका फळीवर उभं राहून काम केलेला माणूस."

"पण प्यायचे ना, आई?"

"प्यायचे. मी कुठे नाही म्हणते? मग पिणं लिही. धडपडणं कशाला लिहितेस?" आणि आईने कागद तिच्यासमोर ठेवून मटार सोलायला घेतले.

रविवारची दुपार होती. बाबा जाऊन दोन महिने झाले होते, आणि मंगळवारी तिला त्यांच्याबद्दल एक पान वाचायचं होतं. जवळच्या एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात दर मंगळवारी संध्याकाळी दारू सोडलेल्या माणसांचा एक गट जमायचा. त्यांची पद्धत अशी होती, की दारूविना ज्याचं आणखी एक वर्ष पुरं झालं, त्याचा 'कोरडा वाढदिवस' करायचा आणि त्याच्या घरच्या कुणीतरी एक पान लिहून आणून सगळ्यांसमोर वाचायचं. उपदेश नाही, आभार नाहीत, आणि आपण स्वतः पाहिलं-ऐकलं तेवढंच. गट चालवणाऱ्या निवृत्त नर्सबाई या बाबतीत फार कडक होत्या. मध्येच थांबवून विचारायच्या, "हे तुम्ही पाहिलंत का?"

बाबांची दहा वर्षं पुरी व्हायला दोन महिने कमी पडले होते. वाढदिवस धरायचा की नाही यावर गटात थोडी चर्चा झाली. शेवटी ग्रीसकाकांनी निकाल दिला. ग्रीसकाका म्हणजे बाबांचे कामावरचे जोडीदार; बाबांना ते 'उस्ताद' म्हणायचे. नखांतलं काळं कधीच न गेल्यामुळे मुलांनी लहानपणी ठेवलेलं नाव म्हाताऱ्याला कायमचं चिकटलं होतं. त्यांनी बाबांच्या वर्षभर आधी सोडली होती. ते म्हणाले, "उस्तादची आता पक्की सुटलीय. धरा खुशाल."

नऊ वर्षं हे पान धाकट्या भावाने लिहिलं होतं. दर वेळी त्यात आभार घुसायचे आणि दर वेळी नर्सबाई ते कापायच्या. बाबा दर वर्षी तिला विचारायचे, "तू लिहितेस का यंदा?" आणि ती म्हणायची, "पुढच्या वर्षी नक्की." शेवटच्या आजारात ते पुन्हा म्हणाले, "या वेळी तूच लिही हं. मला रंगवू नकोस. आणि सोलूही नकोस."

ती ग्रंथालयात काम करायची. पिणाऱ्या बापांवरची पुस्तकं तिने कपाटभर वाचली होती, आणि तीच अडचण होती. लेखणी टेकवली की पुस्तकातला बाप आधी हजर व्हायचा, पट्टा काढून. बाबांनी तर पट्टा कधी वापरलाच नव्हता. त्यांची विजार कमरेला सुतळीने बांधलेली असायची. मग तिने दुसरा कागद लिहिला. त्यात बाबा दिलदार, कलंदर, दुःख गिळून हसणारे वगैरे होते. तो आईने चार ओळींतच परत केला. "हा फोटो झाला. चौकट करून भिंतीवर टांग. वाचू नकोस."

"मग काय लिहू?"

"मला काय विचारतेस? शिकलेली तू. काय दिसायचं तुला?"

काय दिसायचं? तिने डोळे मिटले. आधी बूट दिसले. प्यायलेले बाबा बूट काढून भिंतीशी असे जुळवून ठेवायचे, की मध्ये कागद जाणार नाही. न प्यायलेले असले तर एक बूट इकडे, एक तिकडे. म्हणजे दारातून आत येणाऱ्याला माणूस बघायची गरजच नव्हती. बूट बघितले की घरातली हवा कळायची.

"आणि शुद्ध बोलायचे!" ती एकदम म्हणाली.

आई खुदकन हसली. "तिसऱ्या ग्लासानंतर. मला म्हणायचे, 'आपण भोजन केलंत का?'"

"मला म्हणाले होते, 'कन्ये, आपला भूगोल कसा काय आहे?'"

"आणि मांजराला 'आपण' म्हणायचे!"

दोघी हसत सुटल्या. हसता हसता तिने लिहायला घेतलं, आणि पहिल्यांदाच वाक्यं उसनी वाटली नाहीत. सकाळी बाबांचे हात थरथरायचे. आई त्यांचा कप अर्धाच भरायची आणि त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही. वर्तमानपत्र ते हातात धरत नसत, टेबलावर पसरून वाचत. सगळ्यांचेच वडील असे वाचतात असं तिला बरेच दिवस वाटत होतं. संध्याकाळी पहिल्या ग्लासाने हात थांबायचे. दुसऱ्याने बाबा उजळायचे. बिघडलेला रेडिओ सुरू व्हायचा, शेजाऱ्यांच्या नकला व्हायच्या, गाणी व्हायची. तिसऱ्याला मांजराला मान मिळायचा. चौथ्यानंतर ते भिंतीकडे बघत गप्प बसायचे, आणि त्या माणसाला हाक मारून उपयोग नसायचा.

मग तिने कधी कुणाला न सांगितलेली एक गोष्ट लिहिली. तिला दुसऱ्या ग्लासाचे बाबा सगळ्यात जास्त आवडायचे. ती त्यांची वाट बघायची. प्रगतिपुस्तकावर सही, सहलीची परवानगी, मैत्रिणीकडे राहायला जाणं, सगळं ती बरोबर त्या वेळेला पुढे करायची. सहीही तेव्हाच सुरेख यायची. वर्गशिक्षिका एकदा म्हणाल्या होत्या, "वडिलांचं अक्षर काय छान गं तुझ्या!" फक्त त्या वेळी दिलेलं वचन सकाळी बाबांना आठवत नसे. प्राणिसंग्रहालयाचं वचन तिला सात वेळा मिळालं. सात वेळा ती खरोखर आनंदाने झोपली.

आईने हे वाचलं आणि बराच वेळ शेंगा नुसत्याच हातात धरून बसली. "हे हेच आहेत," ती म्हणाली.

तेवढ्यात धाकटा आला आणि आल्या आल्या मटार खाऊ लागला.

"ताई, बाटलीचं लिहिलंस का?"

"कुठली बाटली?"

"कपाटातली. मी त्यात पाणी घालायचो ना! सातवीत होतो. दोन बोटं ओतून टाकायचो आणि तेवढंच पाणी भरायचो. लेबलावर पेन्सिलीची खूण करून ठेवली होती, ओळखू येऊ नये म्हणून."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "ती खूण तुझी? ती तर माझी होती!"

"तूपण?"

"मी दर शनिवारी."

आईने मांडीवरचं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. तिचा चेहरा लाल झाला होता. "अरे देवा! मी रोज घालत होते रे. ते कामावर गेले की."

कुणाला आधी हसू फुटलं ते कळलं नाही. तिघांनी एकमेकांपासून लपवून एकाच बाटलीत पाणी घातलं होतं, वर्षानुवर्षं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की हे घर आपण एकटेच सांभाळतोय.

"म्हणजे शनिवारी बाबा काय प्यायचे?" धाकट्याने डोळे पुसत विचारलं.

"नळ!" दारातून आवाज आला. ग्रीसकाका आले होते. आईनेच त्यांना बोलावलं होतं, काही चुकीचं लिहिलं जाऊ नये म्हणून. "वहिनी, चौथा राहिला. उस्ताद स्वतःपण घालायचा त्यात पाणी. बाटली भरलेली दिसावी आणि तुम्ही रागावू नये म्हणून."

"भावजी, खरं सांगताय?"

"तर! मला म्हणाला, 'अरे, मी थोडं घालतो मान्य आहे, पण एवढं? नुसतं पाणी लागतंय लेकाचं!' म्हटलं, मग विचार घरात. तर म्हणतो, 'कुठल्या तोंडाने विचारू?'"

आता आईला श्वास घेता येईना. काकांनी तिला पाणी दिलं, तर ते बघून ती आणखीच हसली.

हसणं ओसरलं तेव्हा तिने विचारलं, "मग काका, त्यांना जाणवायला नको? सकाळी हात थरथरणाऱ्या माणसाला पाण्यावर भागत नाही."

काका खुर्चीत बसले. "भागायचं नाहीच. भरपाई दुपारी व्हायची, लिफ्टच्या मशीनरूममध्ये. हत्यारांच्या पेटीत दुसरी असायची, नाहीतर थर्मासात. पिणाऱ्याची एक बाटली दिसली म्हणजे दुसरी कुठेतरी आहेच, असं धरून चालायचं. मी काय, माझीपण तीच तऱ्हा."

"मशीनरूमचं मी लिहिलंय," ती म्हणाली. "माझी सगळ्यात सुंदर आठवण तीच आहे. ऐका."

आणि तिने वाचून दाखवलं. ती नऊ वर्षांची होती. शाळेला सुट्टी होती आणि बाबा तिला कामावर घेऊन गेले. उंच इमारत, अगदी वरची खोली, खोलीत मोठं यंत्र, त्यावरून खाली बोगद्यात उतरणारे लोखंडी दोर. बाबांनी भिंतीवरचा मोठा खटका बंद केला. थर्मासमधून स्वतःला 'मोठ्यांचा चहा' ओतला. मग ब्रेकचा दांडा धरून ते म्हणाले, "फिरव चाक." तिने दोन हातांनी यंत्राच्या बाजूचं चाक फिरवलं आणि ते चक्क फिरलं. "खाली लिफ्ट हलतेय, कळलं का? चार फेऱ्यांना चार बोटं. एवढं मोठं धूड माझी लेक हलवते!" पुढे चार फेरे, मागे चार फेरे. आणि गंमत म्हणजे चाक फिरलं की खालून कुठूनतरी एक घंटी वाजायची. चाक थांबलं की थोड्या वेळाने घंटीही थांबायची. तिला वाटलं, चाकाला घंटी जोडलेली आहे. बाबा त्या घंटीच्या तालावर गात होते. एवढे आनंदी बाबा तिने आधी कधी पाहिले नव्हते, आणि नंतरही नाही.

तिने मान वर केली. धाकटा हसत होता. आई हसत होती. काका खिडकीबाहेर बघत होते.

"काका?"

"छान लिहिलंयस."

"काय झालं?"

"काही नाही गं." त्यांनी नखातलं काळं दुसऱ्या नखाने खरवडलं. "ती घंटी चाकाची नव्हती. लिफ्टच्या आत असते ती. अडकलेल्या माणसाने दाबायची."

धाकट्याने हातातली शेंग परत सुपात टाकली.

"खटका बंद करायच्या आधी लिफ्ट वर बोलवायची, रिकामी आहे ना ते डोळ्यांनी बघायचं, प्रत्येक मजल्यावर पाटी लावायची. मग हात लावायचा. आणि चाक फिरवताना दोन माणसं लागतात, दोन मोठी माणसं. मी तेव्हा जेवायला गेलो होतो. उस्तादने पाटी लावली नाही की आत बघितलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचे एक म्हातारे गृहस्थ होते आत, घड्याळदुरुस्तीवाले. अंधारात, दोन मजल्यांच्या मध्ये. चाक फिरलं की लिफ्ट हलायची आणि ते घाबरून घंटी दाबायचे. मी जिन्यात पाय ठेवला तेव्हा ऐकली. पाऊण तास झाला होता."

"त्यांना काही झालं?"

"नाही. मजल्याला आणून दार उघडलं तर आधी खाली बसले. मग म्हणाले, 'गाणारा कोण होता? त्याला म्हणावं, सूर बरा आहे, कान तपासून घे.' पण चेहरा पांढराफटक होता त्यांचा. उस्तादला सहा महिने कार्यशाळेत बसवलं. घरी काय सांगितलं त्याने?"

"बढती," आई हळूच म्हणाली.

तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. जी घंटी तिला संगीत वाटली होती ती एका माणसाची हाक होती, आणि चाक तिच्या हातात होतं.

"ते घालू नकोस," आई म्हणाली. "तुला कुठे माहीत होतं? अट काय आहे? पाहिलं-ऐकलं तेवढंच."

"ऐकलं होतं, आई. घंटी मीच ऐकली होती."

"ताई, लोक काय म्हणतील बाबांना?" धाकटा म्हणाला. "एवढी नऊ वर्षं सोडली, आणि शेवटी हे?"

सगळे काकांकडे बघू लागले. काकांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग म्हणाले, "मी सांगत नाही, लिही म्हणून. पण एक माहीत असू दे. गटात दर वर्षी हीच गोष्ट सांगायला उस्ताद उठायचा. घसा साफ करायचा. आणि दुसरीच काहीतरी, हसवणारी सांगून बसायचा. मला एकदा म्हणाला, 'पोरीला तो दिवस फार आवडतो रे. तिच्याकडून कसा काढून घेऊ?'"

ती उठून आतल्या खोलीत गेली.

तिथे तिने ते पान तीनदा लिहिलं. पहिल्यांदा घंटी म्हणजे काय ते सुरुवातीलाच सांगितलं, आणि सगळा दिवस काळा झाला. ते खोटं होतं. तो दिवस काळा नव्हता. दुसऱ्यांदा शेवटी लिहिलं की बाबांनी त्या दिवसापासून थर्मास फेकून दिला. ते तिने मोठ्याने वाचलं तेव्हा काका दारातून म्हणाले, "फेकला नाही. कामावर आणणं बंद केलं. 'मी कामावर पीत नाही' असा नियम केला स्वतःशी, आणि संध्याकाळ दोन तास आधी सुरू करायला लागला. पुढे सतरा वर्षं प्याला तो." तिने ते वाक्य खोडलं. म्हातारे रडत होते, असं एक वाक्य झालं होतं, तेही खोडलं. ते रडले की नाही, तिला ठाऊक नव्हतं. तिसऱ्यांदा तिने दिवस होता तसा लिहिला, घंटीसकट, गाण्यासकट, नऊ वर्षांच्या मुलीला जेवढा कळला तेवढाच. त्यातला आनंद एक तसूही कमी केला नाही. मग एक ओळ रिकामी सोडून लिहिलं: 'ती घंटी कशाची होती, ते मला परवा, रविवारी कळलं.' आणि काकांनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत, काकांचं म्हणून. स्वतःचं मत लिहिलं नाही.

मंगळवारी आई पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर आली. नऊ वर्षं तिने त्या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं. "तुमचं तुमचं बोलणं असतं, मी काय करू?" असं म्हणून ती घरीच बसायची. वर्गात भिंतीभर मुलांनी रंगवलेले हत्ती होते आणि खाली पंधरा-वीस माणसं घडीच्या खुर्च्यांवर. दाराजवळ एक नवा माणूस होता. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम, कागदी पेला दोन्ही हातांत.

तिने वाचलं. बुटांना काही जण हसले. मांजराला 'आपण' म्हटल्यावर सगळा वर्ग हसला, आणि एक जाडे गृहस्थ म्हणाले, "माझ्याकडे पोपट होता!" बाटलीतल्या पाण्याला तर नर्सबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. बाबा शेवटी कसे थांबले तेही तिने दोन ओळींत वाचलं: हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात गेले, दारूविना तिसऱ्या दिवशी त्यांना भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या, डॉक्टरांनी थेट विचारलं आणि बाबांनी थेट उत्तर दिलं, मग दोनदा सुटली, दोनदा परत लागली, तिसऱ्यांदा राहिली. मग चाक, मग घंटी, मग रिकामी ओळ.

शेवटचं वाक्य वाचून ती खाली बसली.  नर्सबाईंनी सवयीने तोंड उघडलं, "हे तुम्ही..." आणि मिटलं. मग वहीत बाबांच्या नावापुढे त्यांनी दहाचा आकडा घातला.

ग्रीसकाका उभे राहिले. "त्या दिवशी मी जेवायला गेलो म्हणून सांगितलं मी रविवारी," ते म्हणाले. "जेवायला नव्हतो गेलो. मीपण कोपऱ्यावर प्यायलाच गेलो होतो." आणि बसले. धाकट्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानंतर चहा झाला, आणि चहावर पोपटाची सबंध गोष्ट झाली. तिला इतकं हलकं वाटत होतं की पोपटाला ती सगळ्यांपेक्षा जास्त हसली. माणसं पांगू लागली तेव्हा नर्सबाई खुर्च्यांकडे बघून म्हणाल्या, "हे काम त्यांचं होतं हो. मांडायचं आणि उचलायचं. आता आमची पंचाईत."

 आईने पिशवी खिडकीत ठेवली, पदर खोचला आणि एकेक खुर्ची मिटून भिंतीला लावायला लागली. ओळ सरकत सरकत दारापर्यंत आली. तिथे तो नवा माणूस अजून बसलेला होता. पेला रिकामा झाला होता, तरी त्याने तो सोडला नव्हता.

"उठतो," तो म्हणाला, पण उठला नाही.

आईने मिटलेल्या खुर्च्यांतली एक परत उघडली आणि त्याच्या शेजारी बसली.

"बसा हो," ती म्हणाली. "मला काही घाई नाही."